एक पान, सात दिवस: मॅडमना रेझ्युमे दाखवायचा कसा

प्रश्न: मी कळव्याला राहते. रबाळ्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, साडेतीन वर्षं झाली, त्याआधी वर्षभर तळोज्याला होते. आता क्यूएत, म्हणजे गुणवत्तेची हमी देणाऱ्या विभागात, जायचंय. तळोज्याला क्यूए बघणाऱ्या मॅडम आता दुसऱ्या एका कंपनीत क्यूए हेड आहेत. त्यांना रेझ्युमे दाखवावा असं फार वाटतं, पण दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे आमचं बोलणं नाही. रेझ्युमे अडीच पानी झालाय. एक मैत्रीण म्हणते, एकच पान पाठव आणि आठवड्याची मुदत दे. एवढ्या मोठ्या बाईंना मी मुदत द्यायची म्हणजे उद्धटपणा नाही का होणार? मेसेज लिहिते आणि पुसते, असं चाललंय.

उत्तर:

मैत्रिणीचं ऐका, फक्त मुदत मॅडमना देऊ नका, स्वतःच्या अर्जाला लावा. "बुधवारपर्यंत कळवा" हे खटकतं. "गुरुवारपासून मी अर्ज पाठवायला लागणार आहे, त्याआधी जमलं तर सांगा" हे कोणालाच खटकत नाही. तारीख तीच, पण दुसऱ्या वाक्यात ती तुमच्या कामाची आहे आणि मॅडमना मोकळं ठेवते.

क्यूएत बरीच वर्षं काढल्यामुळे असे मेसेज माझ्याकडेही येतात, त्यामुळे पलीकडच्या बाजूला काय होतं ते सांगतो. "सर, एकदा रेझ्युमेवर नजर टाका ना" असा मेसेज येतो, सोबत तीन पानांची फाइल. मी ती लाइनवरून ऑफिसकडे जाताना फोनवर उघडतो. नजर टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नाही. व्याकरण बघायचं, नोकरी सुचवायची, की नुसतं छान म्हणायचं? काम किती मोठं आहे याचा अंदाज येत नाही, म्हणून ते रविवारी निवांत करू असं ठरवतो. रविवारी घरची कामं निघतात. दोन आठवड्यांनी उत्तर द्यायचीच लाज वाटते आणि मेसेज खाली खाली जातो. समोरच्याला वाटतं, साहेबांना शिष्टपणा आला. बहुतेक वेळा तसं काही नसतं. कामाला कडच नव्हती, म्हणून ते सुरूच झालं नाही. एक पान आणि एक तारीख ही ती कड आहे. वाशीहून ठाण्याच्या लोकलमध्ये बसल्या बसल्या वाचून संपेल आणि तिथेच दोन ओळी टाइप करता येतील, एवढंच काम मागायचं.

मात्र पान आधी तुम्ही कापायचं. अडीच पानं पाठवून "काय काढू ते सांगा" म्हणणं म्हणजे सगळ्यात किचकट काम मॅडमच्या गळ्यात घालणं. साडेचार वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरतं आणि कापताना हात थरथरायचं कारण नाही, कारण तुमच्यासारख्या रेझ्युमेत कशानं जागा खाल्लेली असते ते मी न बघताही सांगू शकतो. वर करिअर ऑब्जेक्टिव्ह नावाचा परिच्छेद असेल. शेवटी वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, भाषा, छंद आणि "वरील माहिती खरी आहे" असं डिक्लरेशन असेल. हे सगळं जाऊ द्या. कायमचा पत्ताही नको, "कळवा, ठाणे" एवढं लिहिलं की कंपनीची बस कुठून पकडाल ते कळतं. दहावी-बारावीचे टक्के बीएस्सी किंवा एमएस्सीच्या ओळीखाली अर्ध्या ओळीत बसतात. एवढ्यानं जवळपास पाऊण पान मोकळं होतं.

दुसरी मोठी जागा खाते उपकरणांची यादी. एचपीएलसी, जीसी, यूव्ही, डिसोल्यूशन, कार्ल फिशर, पीएच मीटर, वजनकाटा, प्रत्येकासमोर कंपनी आणि मॉडेल. क्यूसीची दुसरी नोकरी शोधत असता तेव्हा ही यादी कामाची, कारण तिथे येत्या सोमवारपासून मशीनवर बसवायला माणूस हवा असतो. क्यूएत तुम्हाला मशीनवर बसवणार नाहीत. तिथे ही माहिती एका ओळीत आली तरी बास. तिसरी जागा जाते पुनरुक्तीत: तळोज्याला केलेलं काम आणि रबाळ्याला केलेलं काम जवळजवळ त्याच शब्दांत दोनदा लिहिलेलं असतं. तळोज्याचं दोन ओळींत संपवा, उरलेली जागा रबाळ्याला द्या.

आता त्या उरलेल्या जागेत काय लिहायचं? इथे थोडं थांबतो, कारण मॅडमच्या मताचा खरा उपयोग इथेच आहे.

क्यूसीतला माणूस स्वतःला नमुन्यांच्या हिशेबात मांडतो: एवढे ॲसे केले, एवढी स्टॅबिलिटी केली. क्यूए हेड मात्र बघते की हिच्यासमोर काहीतरी बिघडलं तेव्हा हिनं काय केलं, आणि ते कागदावर कसं आणलं. ओओएस म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर आलेला निकाल, डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेला फरक, चेंज कंट्रोल, सीएपीए, एसओपी, ऑडिटची तयारी, इलेक्ट्रॉनिक डेटाचा ऑडिट ट्रेल तपासणं, ही ती कामं. साडेतीन वर्षं क्यूसीत असलेल्या माणसाचा यातल्या निम्म्या गोष्टींना तरी हात लागलेला असतो, पण रेझ्युमेत त्या शेवटच्या ओळीत "जीएमपीचं ज्ञान" या दोन शब्दांत गाडलेल्या असतात.

एक ओळ घेऊन दाखवतो. रेझ्युमे तुम्ही इंग्रजीतच लिहाल, मी इथे आशय मराठीत मांडतोय. मूळ ओळ साधारण अशी असते: "तयार माल व स्टॅबिलिटी नमुन्यांचं एचपीएलसीवर विश्लेषण आणि ओओएस हाताळणी यांची जबाबदारी." यात ओओएस हाताळणी म्हणजे काय ते कळत नाही. नमुना ओओएस आला आणि तुम्ही सुपरवायझरला सांगितलंत, इतकंच? की पुढची चौकशीही केलीत? अमेरिकी एफडीएचं ओओएसबद्दलचं मार्गदर्शन 2006 चं आहे आणि 2022 मध्ये ते सुधारून आलं. त्यात प्रयोगशाळेतली चौकशी हा पहिला टप्पा आणि उत्पादनापर्यंत जाणारी पूर्ण चौकशी हा दुसरा. त्या देशात माल पाठवणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या एसओपी याच मांडणीवर असतात. मग ओळ अशी होते: "ॲसे आणि डिसोल्यूशनच्या ओओएसमध्ये पहिल्या टप्प्याची चौकशी: द्रावणं, स्टँडर्ड, इंटिग्रेशन आणि उपकरणाची स्थिती तपासून चेकलिस्ट भरली, कारणाचा मसुदा लिहिला, गेल्या वर्षात अशा चार चौकशा." चार हा आकडा मी उदाहरणापुरता घातला, तुमचा खरा असेल तो घाला. लक्षात नसेल तर आकडा नको, कारण मुलाखतीत "चारपैकी एक सांगा" हा प्रश्न हमखास येतो.

अशा तीन-चार ओळी शोधा. बदललेली एखादी एसओपी, ऑडिटरच्या निरीक्षणावर तुम्ही लिहिलेलं उत्तर, नवीन केमिस्टला दिलेलं ट्रेनिंग. यात औषधाचं नाव, ग्राहकाचं नाव, बॅच नंबर अजिबात लिहू नका. तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असणार, आणि दुसऱ्या कंपनीच्या क्यूए हेडला तुमच्या कंपनीच्या ओओएसचे तपशील पाठवणं हेच तुमच्याविरुद्ध जाईल. "एक गोळी, एक इंजेक्शन" एवढं पुरे.

पान भरतंय म्हणून अक्षर आठवर आणि मार्जिन बोटभर करू नका. ए-फोर कागद, सगळीकडून साधारण दोन सेंटिमीटर मार्जिन, अक्षर साडेदहा किंवा अकरा, एवढ्यात मावलं पाहिजे. नाही मावलं तर अजून एखादी ओळ निरुपयोगी आहे असं समजा. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून एक प्रिंट काढून बघा. कागदावर जे गिचमिड दिसतं ते फोनवर दुप्पट गिचमिड दिसतं.

एक पान हा सगळ्यांसाठीचा नियम नाही, हेही सांगून ठेवतो. पंधरा-वीस वर्षांचा प्लांट हेड किंवा पेपर छापलेला संशोधक एका पानात स्वतःला कोंबायला लागला तर त्याचं नुकसान होईल. पण वरिष्ठांचं मत मागायला त्यांनीही पहिलं पानच पाठवावं. पुढची पानं वाचली जातील की नाही ते तिथेच ठरतं.

आता मॅडमना नेमकं विचारायचं काय? "रेझ्युमे कसा वाटतो" हे नको. व्याकरण, स्पेलिंग, रकाने सरळ आहेत का, हे सगळं आधी मैत्रिणीकडून करून घ्या. मॅडमना असा एकच प्रश्न विचारा ज्याचं उत्तर रोज क्यूएची माणसं निवडणाऱ्यालाच देता येतं. तुमच्या बाबतीत तो असा: हे पान वाचून तुम्ही मला क्यूएच्या मुलाखतीला बोलवाल का, आणि नसेल तर कोणत्या ओळीवर अडाल? दुसरा प्रश्न जोडण्याचा मोह होईल, पगार किती मागू, कुठे जागा आहे का वगैरे. नका जोडू. दोन प्रश्न आले की माणूस सोप्याचं उत्तर देतो आणि अवघड राहून जातो.

आठवडाच का, तर त्यात एक साप्ताहिक सुट्टी येतेच. एमआयडीसीत कुठे रविवारी सुट्टी, कुठे दुसऱ्या वारी, त्यामुळे "वीकेंडला बघा" म्हणण्यापेक्षा सात दिवस धरणं बरं. दोन-तीन दिवस दिले तर तो हुकूम वाटतो. पंधरा दिवस दिले तर आज करायचं काहीच कारण उरत नाही, आणि जे आज होत नाही ते पंधराव्या दिवशीही होत नाही. महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा. डिस्पॅचच्या घाईत बॅच रिलीझच्या सह्यांसाठी क्यूएच्या दारात रांग असते. 5 ते 15 तारखेच्या मधला काळ त्या मानानं शांत. त्यांच्याकडे ऑडिट चालू असल्याचं कानावर आलं तर ते उरकेपर्यंत थांबा. औषधनिर्मितीच्या नियमांची, म्हणजे शेड्यूल एमची, सुधारित अधिसूचना 2023 च्या डिसेंबरअखेर निघाली, तेव्हापासून कागदपत्रांचं आणि पाहणीचं काम क्यूएवरच जास्त पडलंय, हेही मनात असू द्या. उत्तर उशिरा आलं तर त्यामागे बहुधा हेच असतं.

मेसेज असा लिहा. बुधवार, 8 तारीख धरली आहे.

"मॅडम, नमस्कार. मी तळोज्याला तुमच्या वेळी क्यूसीत होते, स्टॅबिलिटी बघायचे. आता रबाळ्याला साडेतीन वर्षं झाली आणि क्यूएत जायचा विचार आहे. 16 तारखेपासून अर्ज पाठवायला सुरुवात करतेय. त्याआधी एका गोष्टीवर तुमचं मत मिळालं तर फार मदत होईल: सोबतचं एक पान वाचून तुम्ही मला क्यूएच्या मुलाखतीला बोलवाल का, नसेल तर कोणत्या ओळीवर अडाल? दोन ओळींचा व्हॉइस मेसेज केलात तरी पुरे. तुमच्या कंपनीत शब्द टाकावा अशी अपेक्षा नाही. कामाच्या गडबडीत जमणार नसेल तर नुसतं 'नाही जमत' म्हणालात तरी चालेल."

पहिल्या वाक्यात तुम्ही कोण ते येऊ द्या. साडेतीन वर्षांपूर्वीच्या ज्युनियरचं नुसतं नाव वाचून चेहरा आठवत नाही, "स्टॅबिलिटी बघायचे" म्हटलं की आठवतो. शब्द टाकण्याबद्दलचं वाक्य मुद्दाम घातलंय. त्या स्वतः माणसं घेतात, त्यामुळे प्रत्येक रेझ्युमेत त्यांना शिफारशीची मागणी दिसते आणि मग मोकळं मत देता येत नाही, कारण "ही ओळ कच्ची आहे" म्हणणं नकार दिल्यासारखं होतं. ते ओझं आधीच उतरवा. आणि नकाराची वाट खरोखर मोकळी ठेवा, "प्लीज मॅडम, नाही म्हणू नका" असली लाडिक पुरवणी जोडू नका.

काही जण म्हणतील, आधी परवानगी विचारा, मग फाइल पाठवा. माझं मत वेगळं आहे. तीन पानं असती तर विचारणं ठीक होतं. एका पानासाठी "पाठवू का", "हो पाठव", "हे घ्या मॅडम" अशा तीन फेऱ्या करण्यात मॅडमचा जास्त वेळ जातो. पान सोबतच जोडा. पीडीएफ जोडा, स्क्रीनशॉट नको. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. वर्डची फाइल फोनवर उघडली की रकाने इकडचे तिकडे होतात आणि तुमचं एक पान दीड पान दिसतं. फाइलला तुमचं नाव आणि QA एवढंच नाव द्या. Resume_final_new_2.pdf पाहिलं की वाचण्याआधीच थकवा येतो.

मेसेज त्यांच्या खासगी नंबरवर जाऊ द्या, आणि तुमच्याही खासगी फोनवरून. कंपनीच्या मेलवरून रेझ्युमे पाठवू नका; तो मेल कंपनीचा असतो आणि आयटीवाल्यांना दिसू शकतो. रबाळ्याच्या सध्याच्या वरिष्ठांनाही हे दाखवू नका, कितीही जवळचे असले तरी. त्यांना नाइलाजानं कंपनीची बाजू घ्यावी लागते.

मधले सात दिवस गप्प राहायचं. निळी टिक दिसली म्हणून "पाहिलंत का मॅडम" नको. वाशी स्टेशनवर समोरासमोर आल्या तर घरचं विचारा, रेझ्युमेचा विषय त्यांनी काढला तरच बोला. उत्तर नाही आलं तर 16 तारखेला एकच मेसेज: "मॅडम, आजपासून अर्ज पाठवायला लागतेय. तुमच्याकडे काम जास्त असेल, हे मनावर घेऊ नका. पुढे कधी त्या पानाबद्दल काही सुचलं तर नक्की सांगा." आणि खरंच त्या दिवशी अर्ज पाठवा. हा मेसेज गेल्यावर उत्तर येण्याची शक्यता, माझ्या अनुभवानं, सात दिवसांतल्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त असते, कारण आता दडपण संपलेलं असतं. तरीही शांतताच असेल तर विषय संपला. तिसरा मेसेज नाही, फोन नाही. पुढच्या दिवाळीच्या शुभेच्छा मात्र नेहमीसारख्याच जाऊ द्या.

उत्तर आलं तर ते कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. "छान आहे, ऑल द बेस्ट" असं आलं तर बहुधा पान वरवर चाळलंय, किंवा खटकलेलं काही लिहायला वेळ नाही. आभार माना आणि हवं तर एक बारीक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येईल: "ओओएसची ओळ वर घेऊ की ऑडिटची?" त्याला उत्तर जवळजवळ नेहमी येतं.

सगळ्यात मोलाचं उत्तर प्रश्नाच्या रूपात येतं. "डेव्हिएशन तू लिहिलंस की फक्त तुझ्या मशीनवर झालं?" असं मॅडमनी विचारलं तर घाबरू नका. बचावाचं लांबलचक उत्तरही पाठवू नका. हाच प्रश्न मुलाखतीत येणार आहे, तो तुम्हाला आठवडाभर आधी फुकट मिळाला. समजा, घटनेची नोंद तुम्ही केली आणि मूळ कारण क्यूएनं काढलं, तर ओळ तशीच लिहा: "डेव्हिएशनची नोंद व तात्काळ परिणामांचं मूल्यमापन, मूळ कारणाच्या चौकशीत माहिती पुरवली." ओळ लहान दिसेल, पण तिच्यावर अर्धा तास बोलता येईल. उलटंही होतं: प्रेमापोटी वरिष्ठ सुचवतात, "लिही ना, ऑडिट हँडल केलं म्हणून." तुम्ही केलं नसेल तर ती ओळ घेऊ नका. त्यांना तसं उलट लिहायची गरज नाही, आभार मानून सोडून द्या.

मॅडमचं मत आणि नोकरी शोधून देणाऱ्या कन्सल्टंटचं मत जुळलं नाही तर? कन्सल्टंट दोन पानं मागतो, कारण पोर्टलवर शोधताना त्याला जास्त शब्द हवे असतात. पोर्टलवर दोन पानं टाका, क्यूएच्या माणसाच्या हातात जाणारं एक पान मॅडमच्या मताप्रमाणे ठेवा.

बदल केल्यावर नवीन फाइल पुन्हा तपासायला पाठवू नका. तुम्ही एक पान आणि एक आठवडा मागितला होता, तो झाला. दोन ओळी लिहा: "तुम्ही म्हणालात तशी डेव्हिएशनची ओळ बदलली, उपकरणांची यादी एका ओळीवर आणली." मुलाखतीचं बोलावणं आलं की तेही कळवा. आणि त्यांनी आपणहून "पान पाठव, आमच्याकडे देते" म्हटलं, तर लाजू नका. सुधारलेली पीडीएफ त्याच संध्याकाळी पाठवा. सध्याचा सीटीसी आणि नोटीस पिरियड पानात घुसडू नका, खाली वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे मॅडमना एचआरकडे फाइल पुढे ढकलताना तुम्हाला परत काही विचारावं लागणार नाही.